बहात्तर पायांचं उत्तर

शिक्षकांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, पण आतलं भांडण काही दाराला ऐकत नव्हतं. बाई तेव्हा नोकरीला नव्या. हातात वह्यांचा गठ्ठा, आणि आत जावं की मागं फिरावं हे ठरेना, म्हणून बाहेरच उभ्या.

"उत्तर बरोबर असून काय उपयोग? रीत कुठंय, रीत?" हे थोरले मास्तर. गणित त्यांच्या ताब्यात होतं आणि शाळाही जवळजवळ होती.

"रीत आहे की! तुमची नाही, एवढंच. पोरानं स्वतःच्या डोक्यानं सोडवलंय, त्याला शून्य कसं देता?" हे धाकटे मास्तर.

"माझ्या फळ्यावर जी आहे ती रीत. बाकीच्या बाजारगप्पा."

"मग परीक्षेलाही फळ्यालाच बसवा!"

आत काहीतरी आपटलं. धाकटे मास्तर तावातावानं बाहेर आले, तर समोर बाई. "तुम्हीच सांगा हो, मी काय खोटं बोललो?"

बाईंची नोकरी अजून कच्ची होती. थोरल्या मास्तरांनी होकाराची मान हलवली तर पक्की होणार. बाईंनी वह्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला यातलं काय कळतंय?"

कळत होतं, चांगलं कळत होतं. पण वेळेला जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. धाकटे मास्तर त्याच वर्षी दुसऱ्या शाळेत गेले. पुढं थोरले मास्तर निवृत्त झाले आणि खडू बाईंच्या हातात आला. खडूबरोबर रीतही आली. माणसाला ओझं नुसतं सोपवलं तर ते जड वाटतं. त्याला शिस्त म्हटलं की डोक्यावर घेऊन मिरवतो.

तर बाई अशा. वाईट मुळीच नव्हत्या. एखाद्या पोराला भागाकार येत नसला तर शाळा सुटून झाडलोट झाली तरी त्याला घेऊन बसायच्या. कुणाच्या चपला तुटल्या तर न बोलता नव्या आणायच्या. पण लाल पेन हातात आलं की बाईंचा फौजदार व्हायचा. उत्तर बरोबर, मांडणी चुकली: शून्य. एक पायरी गाळली: शून्य. पोरांनी नावच पाडलं, शून्यबाई. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडा अभिमानही होता. काही माणसांना शिव्यासुद्धा बिल्ल्यासारख्या लावून फिरता येतात.

निवृत्तीनंतर घरातच शिकवणी सुरू झाली. पुढच्या खोलीत सतरंजी, आठ-दहा पोरं, भिंतीला फळा. घरात दुसरं माणूस एकच, त्यांची विधवा नणंद. शाळेचं तोंड तिनं जेमतेम बघितलेलं, पण तोंड मात्र शंभर शाळांचं. बाई तिला वन्सं म्हणायच्या, ती बाईंना वहिनी.

शिकवणीचा एक नवा प्रकार त्यात मिसळला होता. पोरांना घरी एखादं गणित अडलं की ती वहीचा फोटो काढून बाईंच्या ईमेलवर पाठवायची. बाईंना फोनच्या काचेवरचं नीट दिसत नसे. मग त्या सगळे फोटो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाठवायच्या, संध्याकाळी त्याच्याकडून कागद आणायच्या, लाल पेनानं तपासायच्या आणि मग एका बोटानं उत्तर टाइप करायच्या.

"वहिनी, पत्र लिहिताय की मुंग्या मारताय?" वन्सं विचारायची.

या पोरांत एक सुताराची मुलगी होती. अंगानं काटकुळी, डोळे मात्र सगळ्या खोलीभर. तांत्रिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेला ती बसणार होती आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. बाप लाकडी सामानाच्या कारखान्यात कामाला. सांधा ढिला राहिला की तो असली चपखल पाचर मारायचा, की कारखान्यात त्याचं नावच पाचर पडलं. घरात फोन एकच, तो पाचरचा. ईमेलही त्याच्यावरच.

एका मंगळवारी त्या मुलीच्या वहीचा फोटो आला. गणित पुस्तकातलं होतं: एका दालनात तिवया आणि खुर्च्या मिळून वीस नग आहेत. तिवईला तीन पाय, खुर्चीला चार. सगळे पाय मोजले तर बहात्तर भरतात. तर तिवया किती, खुर्च्या किती?

मुलीनं खाली लिहिलं होतं: साठ गेले, बारा उरले, म्हणून बारा खुर्च्या, आठ तिवया. आणि समासात जाड, चपट्या पेन्सिलीनं वीस आडव्या रेघा ओढलेल्या. प्रत्येक रेघेखाली तीन ठिपके, आणि त्यातल्या बारा रेघांखाली आणखी एक चौथा ठिपका. फोटोसोबत तिनं एक ओळ टाकली होती: "बाई, हे परीक्षेत चालेल का?"

बाईंनी कागद हातात घेतला. एक्स नाही, वाय नाही, समीकरण नाही. समासात रेघोट्या. उत्तर मात्र बरोबर. बाईंनी काय समजायचं ते समजून घेतलं: पोरीनं पुस्तकाच्या मागं उत्तर बघितलं आणि वर काहीतरी अंदाज रचला. त्या दिवशी गुडघा दुखत होता, कागद अकरा होते, आणि हा शेवटचा. एका बोटानं त्यांनी लिहिलं:

"उत्तर बरोबर, रीत नाही. शून्य. समासात रेघोट्या मारू नयेत. असले अडाणी अंदाज तुला कुणी शिकवले? एक्स आणि वाय घेऊन मांडणी कर."

पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलं आणि विसरून गेल्या. जिभेला हाड नसतं म्हणतात. बोटाला असतं, पण काय उपयोग झाला?

गुरुवारी मुलगी शिकवणीला आली, पण मागं भिंतीशी बसली. एरवी पुढं बसून "बाई, असं का? बाई, तसं का?" करून डोकं उठवायची. आज गप्प. फळ्यावरचं उतरवून घेतलं, पायरी न् पायरी, बाईंना हवं तसं. बाई खूश झाल्या. निघताना त्यांनी सहज विचारलं, "घरी कोण घेतं गं तुझा अभ्यास?"

मुलीनं दप्तराचा बंद ओढला. "कोणी नाही."

"बरं आहे. आपलं आपण करावं," बाई म्हणाल्या.

शनिवारी बाई कागद आणायला गेल्या. झेरॉक्सवाल्याचं दुकान कारखान्याला लागून, मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. तिकडं कुणी शिंकलं तर इकडं हा "जपा हो" म्हणायचा. गिऱ्हाइकाच्या कागदांबरोबर बातम्यांच्याही प्रती काढायची त्याला सवय.

"बाई, तुमचं पत्र भारी गाजलं हो," तो हसत म्हणाला.

"कसलं पत्र?"

"अहो, पाचरला. त्याला वाचायला वेळ लागतो आणि हात सदा सरसानं चिकट. म्हणून तो फोनलाच वाचायला लावतो. फोन बाईच्या आवाजात वाचतो ना, तसं. बुधवारी पत्र आलं तर गडी काय खुशीत! सगळ्यांना ओरडून म्हणाला, 'मशीन बंद करा रे! पोरीच्या बाईंचं पत्र आलंय. आत माझी रीत आहे. काल तिला मीच शिकवली.' सगळ्यांनी कामं थांबवली. आणि फोन काय बोलतो? 'रीत नाही. शून्य. असले अडाणी अंदाज तुला कुणी शिकवले?'" झेरॉक्सवाल्यानं फोनचा सपाट आवाज अगदी हुबेहूब काढला. "हसून हसून पोट दुखलं बघा लोकांचं. आता त्याला पाचर म्हणत नाहीत. 'अडाणी अंदाज' म्हणतात."

बाईंच्या हातातले कागद तसेच राहिले.

"तो काय म्हणाला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"काय म्हणणार? फोन पुसला, खिशात ठेवला आणि खुर्चीचा पाय तासायला बसला. बाई, एका बाजूचेच काढू ना कागद?"

बाई रस्त्यानं कशा आल्या त्यांनाच ठाऊक. "कोणी नाही" हे दोन शब्द चपलेत खडा शिरावा तसे प्रत्येक पावलाला टोचत होते. पोरीनं बापाला घरातून पुसून टाकलं होतं. आणि पुसायचं फडकं तिच्या हातात कुणी दिलं?

घरी आल्यावर त्यांनी मंगळवारचा तो कागद शोधून काढला आणि पहिल्यांदा नीट बघितला. वीस रेघा म्हणजे वीस बैठकी. कारखान्यात पाय कातून आले की हा माणूस रोज हेच करत असणार. आधी प्रत्येक बैठकीला तीन-तीन पाय वाटून टाकायचे. वीस त्रिक साठ. बहात्तरातले उरले बारा. तिवईचं तीनात भागलं, चौथा पाय खुर्चीलाच लागतो. म्हणून उरलेला एकेक पाय एकेका खुर्चीचा. खुर्च्या बारा, तिवया आठ. अंदाज कुठं होता त्यात? ठिपका न् ठिपका मोजून मारलेला.

मग बाईंनी आपल्या रीतीनं मांडलं. तिवया एक्स, खुर्च्या वाय. दोन्ही मिळून वीस. एक्सची तिप्पट आणि वायची चौपट मिळून बहात्तर. पहिल्या समीकरणाला तीनानं गुणलं: साठ. दुसऱ्यातून वजा केलं. एक्स गेला, उरला एक वाय, आणि तो बारा.

साठ तेच. बारा तेच. वजाबाकी तीच. सुतारानं पाय वाटले होते, बाईंनी अक्षरं वाटली होती, एवढाच फरक. अडतीस वर्षं त्या ज्याला रीत म्हणत होत्या, तिचंच पोट त्या समासात उघडं पडलं होतं, आणि त्यांनी त्यावर लाल काट मारली होती. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण धरणी अशा वेळी कधीच मोकळी नसते.

"काय झालं वहिनी? चेहरा का असा पडलाय?" वन्संनं विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. वन्सं ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "रीत तर सोपी आहे. मला कळली म्हणजे बघा."

रविवारी दुपारी बाई पत्र लिहायला बसल्या. हे पत्र फोन वाचणार, सरसाच्या आणि भुश्शाच्या वासात, चार माणसांसमोर. म्हणजे आकड्यांच्या उतरंडी, चिन्हं, रकाने, काही चालणार नाही. डोळ्यांसाठी लिहिलेलं गणित कानांसाठी लिहायचं होतं, आणि ते बाईंना आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. एक-एक वाक्य लिहून त्या वन्संला ऐकवू लागल्या.

"तीन एक्स अधिक चार वाय..."

"थांबा. हे तीन एक्स म्हणजे तीन माणसं का?"

बाईंनी खोडलं. "एक्सची तिप्पट."

"हां, तिप्पट कळतं. पुढं?"

अशी ती दुपार गेली. पत्र झालं. बाईंनी सगळं वाचून दाखवलं. पहिली रीत, दुसरी रीत, ताळा, आणि शेवटी: "दोन्ही रीती योग्य आहेत. विद्यार्थ्यांनी दोन्ही अभ्यासाव्यात."

वन्सं खिडकीकडं बघत होती. "वहिनी, यात तुमची चूक कुठं आहे? मला दिसली नाही. चष्मा लावू का?"

"दोन्ही योग्य आहेत, असं लिहिलंय की."

"ते झालं गणिताबद्दल. शून्य कुणी दिलं, अडाणी कुणी म्हटलं, ते कुठंय? नुसतंच 'दोन्ही योग्य.' म्हणजे पाय द्यायचा कुणाच्या तरी पायावर आणि मग म्हणायचं, दोन्ही पाय चांगले आहेत."

बाईंचे कान तापले. मग शेवटच्या दोन ओळी पुसून त्यांनी लिहिलं: "पहिली रीत तुझ्या वडिलांची आहे. ती पूर्ण बरोबर आहे. मी ती नीट न बघता शून्य दिलं आणि अडाणी म्हटलं. चूक माझी होती. त्यांची मी माफी मागते. हे पत्र पहिलं पत्र ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांनी ऐकावं."

"आता बरं झालं," वन्सं म्हणाली. "पण माफी वर घ्या. आधी माफी, मग पाय मोजा."

"वन्सं, आधी पायऱ्या, उत्तर शेवटी. असंच लिहितात."

"लिहीत असतील बाई. आम्हाला काय कळतंय?"

सोमवारी सकाळी अकराला, कारखान्यात सगळे असतील असं बघून, बाईंनी पत्र पाठवलं. विषयात लिहिलं: तिवया आणि खुर्च्या, दोन रीती. आणि घरात पाय ठरेना. शेवटी कागदाचं निमित्त करून त्या झेरॉक्सवाल्याकडं गेल्या. कागद नव्हतेच मुळी, सोमवारी कधी नसतात.

दुकानात उभ्या होत्या तेवढ्यात फळ्यांच्या भिंतीपलीकडून टण्ण असा आवाज आला. कुणीतरी ओरडलं, "अडाणी अंदाज, तुझ्या बाईंचं पत्र आलं बघ!"

"राहू दे," पाचरचा आवाज.

"लाव की! बघू आज किती शून्यं मिळाली."

लावणारा दुसराच कुणीतरी असणार. फोन बोलू लागला. "पहिली रीत. वीस नग आहेत. सगळ्यांना आधी तीन तीन पाय द्यावेत. वीस त्रिक साठ. बहात्तरातून साठ गेले, बारा उरले..." बाईंचेच शब्द, पण त्यात ना श्वास ना लाज. एखाद्यानं रस्त्यात आपली पेटी उघडावी आणि आपण गर्दीत उभं राहून बघावं, तसं बाईंना झालं. "...दुसरी रीत. तिवयांची संख्या एक्स माना. खुर्च्यांची संख्या वाय माना. एक्स आणि वाय मिळून..."

"बंद कर," पाचर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "कळलं मला. खरी रीत सांगतायत. शिकलेल्या माणसाची. बंद कर."

फोन बंद झाला. माफी अजून पाच ओळी खाली होती.

झेरॉक्सवाला बाईंकडं बघत होता, बाई भिंतीकडं. उत्तर शेवटी! घरी जाऊन पुन्हा एक पत्र लिहिता आलं असतं, माफी वर घेऊन. त्या तसा विचार करत दुकानाच्या पायरीपर्यंत आल्याही. मग त्यांच्या मनानंच त्यांना विचारलं, अर्धवट बंद केलेलं हे पत्र तो पुन्हा लावेल कशाला? आणि तिसरं का लावेल?

कारखान्याचं दार उघडंच होतं. भुसा घोट्यापर्यंत. चार माणसं: एक पाय कातणारा कातारी, एक पॉलिशवाला, एक म्हातारा वेत विणणारा, आणि खिडकीखाली पाचर. बाईंना बघून कातारीनं मशीन थांबवलं. पाचर उठून उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, कारण ते चिकट होते.

"या बाई. पोरगी शाळेत आहे."

"तुमच्याकडंच आले." अडतीस वर्षं वर्गासमोर उभं राहिलेली बाई, पण आज वर्ग वेगळा होता. "पत्र तुम्ही मध्येच बंद केलंत. पुढचं मी सांगते. पुढं असं लिहिलंय, की पहिली रीत तुमची आहे. ती बरोबर आहे. मी न बघता शून्य दिलं. आणि... तो शब्द लिहिला. तो मी लिहायला नको होता. चुकले मी."

कातारीला राहवेना. "म्हणजे पाचर पास? किती गुण हो बाई?"

"सगळे."

"अरे वा! पाचर, लेका या वयात पास झालास!" पॉलिशवाला हसला. वेतवाला म्हातारा हसला नाही. तो म्हणाला, "बाईंना बसायला तरी द्या रे." मग पॉलिशवाल्यानं एक तिवई फडक्यानं पुसून पुढं केली. बाई बसल्या. पाचर उभाच.

"माझ्या गुणांचं सोडा बाई," तो म्हणाला. "मला कोण विचारतंय? पण पोर आता माझ्याजवळ वही आणत नाही. रोज जेवण झालं की पाटावर शेजारी बसायची. आता पाठ करून बसते. मी बोललो काही, तर 'तुम्हाला नाही कळणार बाबा' म्हणते. त्याचं काय ते सांगा."

त्याचं काय, ते कुठल्या पुस्तकाच्या मागं नव्हतं. "कोणी नाही" हे शब्द त्यांच्या तोंडाशी आले होते, पण ते या माणसाला सांगणं म्हणजे दुसरं शून्य देणं. त्यांनी ते गिळले. लाजेचंही एक वजन असतं. ते आपलं आपण उचलावं, दुसऱ्याच्या डोक्यावर देऊ नये.

तेवढ्यात ती आली. त्या दिवशी शाळा अर्धीच होती, आणि घराची किल्ली घ्यायला रोज इकडूनच जायची. दारात बाईंना बघून तिचे पाय रुतले. आधी तिनं बापाकडं बघितलं, मग बाईंकडं, आणि त्या बघण्यात एकच विनवणी होती: सांगितलंत का? बाईंनी हलकेच मान हलवली. नाही.

"ये गं," बाई म्हणाल्या. "मी तुझ्या वडिलांकडं आले होते. त्यांची रीत बरोबर आहे, हे सांगायला. माझं बघायचं चुकलं. आता त्यांना माझी रीत ऐकायचीय की नाही ठाऊक नाही, फोननं अर्धीच सांगितली."

"सांगा की," पाचर म्हणाला, पण कोरडंच. "पाय तर मोजून झाले. मग एक्स कशाला लागतो?"

बाई सांगायला गेल्या आणि थांबल्या. "तू सांग," त्या मुलीला म्हणाल्या.

मुलगी आत आली, लाकडाचा एक तुकडा घेतला, बापाच्या कानावरची चपटी पेन्सिल काढली आणि उकिडवी बसून लिहू लागली. हळू आवाजात, लाकडाशीच बोलावं तशी: "तिवया एक्स. खुर्च्या वाय. मिळून वीस. याला तीनानं गुणलं की साठ. हे बघा, हे तुमचेच साठ. तुम्ही सगळ्यांना तीन-तीन वाटलेत ना बाबा, तेच. आणि हे बहात्तर. वजा केले की बारा."

पाचर वाकला. "माझेच बारा?"

"तुमचेच."

"मग एवढी ओळख लपवून कशाला आले?"

कातारी खो-खो हसला. मुलीच्याही तोंडावर काहीतरी हललं. पाचर मात्र खरंच विचारात होता. "आणि समजा फिरत्या खुर्च्या आल्या त्यात? त्यांना खाली पाच पाय असतात. मग तीन-तीन वाटून काय उरेल त्यावरून मला नाही सांगता येणार. उरलेला पाय कुणाचा, खुर्चीचा की फिरतीचा?"

"नाही येणार," बाई म्हणाल्या. "मलाही नाही येणार. तेव्हा आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते, फिरत्या आणि साध्या खुर्च्या सारख्याच आहेत, असं काहीतरी. आणि तेव्हा अक्षरं बरी पडतात. गुंता वाढला की कोण कुणाचं ते लक्षात राहतं."

"हां." पाचरनं मान हलवली. ते त्याला पटलं होतं. "परीक्षेत गुण कशाला मिळतील?"

"समीकरणानं सोडवा असं लिहिलं असेल तर समीकरणानंच. नसेल लिहिलं तर तुमचीही चालेल. फक्त नुसते ठिपके नकोत. का वाटले, का उरले, ते शब्दांत लिहायचं."

"मग तिला दोन्ही येऊ देत," तो म्हणाला आणि सरसाच्या भांड्याकडं वळला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. बाईंनीही विचारलं नाही. मुलगी तो लाकडाचा तुकडा हातात धरून उभी होती. टाकावा की ठेवावा, तिचं ठरत नव्हतं. शेवटी तिनं तो दप्तरात टाकला.

शनिवारी तिचा फोटो आला. हौदाचं गणित, दोन नळ. वहीच्या एका बाजूला तिची मांडणी, आणि समासात त्या जाड पेन्सिलीनं काढलेला हौद, त्याचे बारा भाग, एका नळाचे भाग रेघांनी, दुसऱ्याचे ठिपक्यांनी भरलेले. खाली ओळ: "बाई, बाबा म्हणतात, त्यांची बघून घ्या आधी."

बाईंनी आधी ती बघितली. बरोबर होती. मग मुलीची बघितली. त्यात एक पायरी चुकली होती. बाईंनी लिहिलं, "वडिलांची बरोबर. तुझी तिसऱ्या ओळीत चुकली, त्यांच्या भागांशी ताडून बघ." पत्र पाठवलं. हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही.

कारण लाल पेन हातात होतं आणि मन मागं मागं चाललं होतं. एकीचं शून्य निघालं. आधीच्यांचं काय? अडतीस वर्षं. दर वर्षी पन्नास-साठ पोरं. एक होता, वर्तुळ सोडवताना दोरा वापरायचा. एक होती, अपूर्णांक भाकरीसारखे काढायची आणि बाईंनी वर्गाला ते उंच धरून दाखवलं होतं, हसायला. ती मुलगी पुढं गणिताला बसलीच नाही. ती आज कुठं आहे, कुणाला काय शिकवते, की "मला नाही कळत" म्हणते? तिचा पत्ता नाही. तिला पत्र नाही. तिच्यासाठी कुठल्या कारखान्याच्या दारात जाऊन उभं राहणार?

"वहिनी," आतून वन्सं म्हणाली, "माझ्या डोळ्यांचं औषध संपलंय."

"हो, आणते."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. रिकामी बाटली पिशवीत टाकली, तीच औषधवाल्याला दाखवायची, म्हणजे नाव चुकत नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, चपला घातल्या आणि जिन्याच्या कठड्याला धरून, दर महिन्याप्रमाणे, एक-एक पायरी खाली उतरू लागल्या.